रिकामी चौकट म्हणजे नेमकं काय? एंट्रीआधीचं कोडबुक

प्रश्न: एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी मी चार गावांतल्या २४० घरांत पिण्याच्या पाण्याबद्दल प्रश्नावली भरून घेतली आहे. फॉर्म कागदावर, मराठीत आहेत. एक्सेलमध्ये वीस फॉर्म भरून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आधी कोडबुक कर, मग एंट्री." व्हेरिएबलची नावं, व्हॅल्यू लेबल म्हणजे नेमकं काय आणि कसं लिहायचं? पुढे डेटा एसपीएसएसमध्ये न्यायचा आहे.

उत्तर:

ती वीस फॉर्मांची शीट पुसू नका, पण तिच्यात आता एकही ओळ वाढवू नका. `juni` असं नाव देऊन बाजूला ठेवा. तिचा उपयोग शेवटी सांगतो. संगणक बंद करा आणि एक कोरा फॉर्म, एक लाल पेन आणि पेन्सिल घेऊन बसा. कोडबुक म्हणजे प्रत्येक रकान्याचं नाव आणि त्यात टाकायच्या आकड्यांचे अर्थ लिहून ठेवलेली यादी. तिचं निम्मं काम त्या कोऱ्या फॉर्मवरच होतं.

एक ओळ म्हणजे एक घर आणि एक रकाना म्हणजे एक व्हेरिएबल, एवढं गृहीत धरा. आता पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत जाताना प्रत्येक प्रश्नाला एकच गोष्ट विचारा: याच्या उत्तराला किती रकाने लागतील? वयाला एक. "टँकर आला का?" याला एक. पण "पिण्याचं पाणी कुठून आणता? लागू असेल तिथे सगळीकडे खूण करा" याला एक रकाना पुरणार नाही. जितके पर्याय, तितके रकाने. हे मोजून झालं की ४० प्रश्नांची प्रश्नावली बहुधा ६०-७० रकान्यांची निघते आणि इथेच बरेच जण पहिल्यांदा दचकतात.

नावं

व्हेरिएबलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, अक्षरापासून सुरू होणारं आणि मधे जागा न सोडता लिहा. जोडायला फक्त अंडरस्कोर. देवनागरी नाव चालतच नाही असं नाही, पण एसपीएसएसमध्ये नावाला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. म्हणजे एकवीस चिन्हांत नाव संपवावं लागतं. शिवाय पुढे कमांड लिहिताना दर वेळी कीबोर्ड बदलत बसावं लागेल. मराठी वापरायचं ते लेबलमध्ये, तिथे मोकळी जागा आहे.

नाव प्रश्नाच्या क्रमांकावरून द्यायचं की अर्थावरून, यावर लोक वाद घालतात. मी दोन्ही जोडतो: `q04_age`, `q10_tanker`. क्रमांकामुळे कागदावरचा प्रश्न चटकन सापडतो आणि अर्थामुळे तीन महिन्यांनी तक्ता वाचताना फॉर्म शोधावा लागत नाही. क्रमांक दोन अंकी ठेवा, नाहीतर नावं अक्षरानुक्रमे लावली की `q1` नंतर `q10` येतो आणि `q2` कुठे गेला म्हणून शोधाशोध होते. नुसतं `Q12` हे नाव टाळायला आणखी एक कारण आहे. एक्सेलमध्ये `Q12` हा एका चौकटीचा पत्ता आहे. "क्यू बारामध्ये चूक आहे" असं कुणी फोनवर सांगितलं, तर तो बारावा प्रश्न की क्यू रकान्याची बारावी ओळ, हे दोघांनाही कळत नाही. ही गंमत वाटेल, पण मी त्यात एक आख्खी दुपार घालवली आहे.

फॉर्म क्रमांक हा पहिला रकाना. लाल पेनानं प्रत्येक कागदावर आधी क्रमांक घाला, एंट्री करताना नको. पहिला अंक गावाचा आणि पुढचे तीन घराचे, असं केलंत तर दुसऱ्या गावातलं ४७वं घर `2047` होतं. पुढे शून्य नसल्यानं एक्सेल ते खाऊन टाकत नाही. `047` लिहिलं असतं तर त्याचं `47` झालं असतं. उत्तरदात्याचं नाव आणि मोबाइल नंबर या शीटमध्ये नकोत. ते वेगळ्या फाइलमध्ये, फॉर्म क्रमांकासमोर.

कोड आणि त्यांची लेबलं

व्हॅल्यू लेबल म्हणजे चौकटीत टाकलेल्या आकड्याचा अर्थ. चौकटीत `1` आणि कोडबुकमध्ये "1 म्हणजे हो". शब्दच का टाइप करू नयेत, असं विचाराल तर तुमची जुनी शीट उघडा आणि गावाच्या रकान्याला फिल्टर लावा. एकाच गावाची तीन रूपं दिसली नाहीत तर मला नवल वाटेल. शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा एक्सेलच्या लेखी वेगळं गाव असतं.

हो-नाहीच्या प्रश्नांना छापील फॉर्मवर बहुधा १ आणि २ असतं. मी `1` = हो, `0` = नाही असं ठेवतो, कारण मग रकान्याची सरासरी म्हणजेच "हो" म्हणणाऱ्यांचं प्रमाण निघतं. पण फॉर्मवर १ आणि २ आकडे छापलेले असतील तर तेच टाका. एंट्री करणाऱ्यानं डोळ्यांना २ दिसत असताना बोटांनी ० दाबायचं, असा नियम केलात की चुका झाल्याच. रूपांतर नंतर संगणक करतो. हाच नियम सहमती-असहमतीच्या विधानांना. पाचांतलं एखादं विधान उलट अर्थाचं असेल ("पाणीपट्टी भरण्यात अर्थ नाही" असं काहीतरी), तर एंट्री कागदाप्रमाणेच करायची आणि उलटवलेलं व्हेरिएबल नंतर वेगळ्या नावानं काढायचं: `s3_r` म्हणजे ६ वजा `s3`. फक्त आधी बघा की `s3` मध्ये खरंच १ ते ५ मधलाच आकडा आहे, नाहीतर उणे कोडाचीही वजाबाकी होऊन बसेल. एंट्रीच्या वेळीच उलटवलं, तर कोणत्या फॉर्ममध्ये उलटवलं आणि कोणत्यात विसरलं, ते आकड्याकडे पाहून कधीच सांगता येत नाही.

व्यवसाय, सामाजिक प्रवर्ग असे प्रश्न असतील तर स्वतःचे कोड शोधून काढण्याआधी सरकारी पाहणीत काय वापरतात ते बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीत सामाजिक गटाला १ अनुसूचित जमाती, २ अनुसूचित जाती, ३ इतर मागास आणि ९ बाकीचे, असे कोड असतात. श्रमबल पाहणीत कामाच्या प्रकाराला ११ म्हणजे स्वतःचा व्यवसाय, २१ घरच्या धंद्यात मदत, ३१ नियमित पगार, ५१ रोजंदारी, ९२ फक्त घरकाम. मधले आकडे मुद्दाम सोडलेले असतात, म्हणजे नवा प्रकार सापडला तर त्याला शेजारीच जागा मिळते. महाराष्ट्रात विजा-भज, विमाप्र असे प्रवर्ग लोक वेगळे सांगतात. फॉर्मवर ते वेगळे असतील तर एंट्रीतही वेगळे ठेवा. नंतर एकत्र करणं दोन मिनिटांचं काम आहे, पण एकत्र भरलेलं वेगळं करायला परत गावात जावं लागतं.

रिकाम्या चौकटीचे चार अर्थ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कोडबुकमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे, आणि बहुतेकांच्या कोडबुकमध्ये नेमकं हेच नसतं.

कागदावर उत्तराची जागा कोरी दिसते, तेव्हा चार गोष्टींपैकी एक झालेली असते. प्रश्न त्या घराला लागूच नव्हता. किंवा विचारला, पण त्यांना माहीत नव्हतं. किंवा त्यांनी सांगितलं नाही, विचारायचं राहिलं, लिहायचं राहिलं. किंवा कागदावर उत्तर आहे, पण एंट्री करणाऱ्याकडून ते सुटलं. पहिल्या तिन्हींना वेगवेगळे कोड द्या आणि रिकामी चौकट फक्त चौथ्यासाठी राखून ठेवा. म्हणजे काम संपल्यावर शीटमध्ये कुठेही रिकामी चौकट दिसली की ती एंट्रीची चूक, दुसरं काही नाही. `COUNTBLANK` लावला की एका क्षणात कळतं.

कोड कोणते? जुन्या पद्धतीत ९७, ९८, ९९ वापरतात. घरातल्या माणसांच्या संख्येला ते चालतं, वयाला चालत नाही. ९८ वर्षांची आजी तुमच्या चार गावांत नसेलच असं नाही. मग कुणी वयाला ९९९ ठेवतं. तेही हरकत नाही, पण ते सरासरीत मिसळलं तर काय होतं बघा. समजा २३४ जणांचं सरासरी वय ४२ आहे आणि सहा जणांचं वय मिळालं नाही म्हणून ९९९ टाकलं. सगळ्या २४० ची सरासरी आता जवळपास ६६ येते. ६६ पाहून तुम्ही थबकाल. घरातल्या माणसांच्या संख्येत सहा ठिकाणी ९९ शिरले, तर सरासरी साधारण ५ वरून साडेसातच्या आसपास जाते आणि "गावाकडे कुटुंबं मोठीच असतात" म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नावलीला मी उणे आकडे सुचवतो, कारण तिच्यात कुठल्याच प्रश्नाचं खरं उत्तर उणे असू शकत नाही. `-7` लागू नाही, `-8` माहीत नाही, `-9` उत्तर नोंदलेलं नाही. हे तिन्ही सगळ्या प्रश्नांना एकाच अर्थानं. एसपीएसएसमध्ये एका व्हेरिएबलला सुटे असे तीनच मिसिंग कोड देता येतात, तेव्हा हा हिशोबही बरोबर बसतो:

```
MISSING VALUES q11_tank_wk (-7,-8,-9).
```

एक्सेलला मात्र हे आकडे वगळायचे आहेत हे कळत नाही. तिथे सरासरी काढायचीच असेल तर साधं `AVERAGE` न वापरता `AVERAGEIF` वापरा:

```
=AVERAGEIF(K2:K241,">=0")
```

आता तुमच्या विषयातलंच उदाहरण घेऊ. समजा प्रश्न १० आहे, "गेल्या उन्हाळ्यात टँकर आला का?" आणि प्रश्न ११, "आला असल्यास आठवड्यातून किती वेळा?" १५० घरं हो म्हणाली, ८४ नाही, सहा घरांना सांगता आलं नाही कारण ती उन्हाळाभर कामासाठी बाहेरगावी होती. १५० घरांनी सांगितलेल्या फेऱ्यांची बेरीज ३०० आहे. एंट्री करणाऱ्यानं उरलेल्या ९० घरांना प्रश्न ११ मध्ये ० भरला तर सरासरी ३०० भागिले २४०, म्हणजे १.२५. चौकट रिकामी सोडली तर ३०० भागिले १५०, म्हणजे २. निम्म्या फॉर्मांना एकानं शून्य भरला आणि निम्म्यांना दुसऱ्यानं काहीच नाही, तर उत्तर मधलंच काहीतरी येईल आणि त्याला काहीही अर्थ नसेल.

यात बारीक गोष्ट अशी, की ज्या ८४ घरांकडे टँकर आला नाही त्यांच्यासाठी "शून्य फेऱ्या" ही वस्तुस्थिती आहे, खोटं नाही. "टँकर येणाऱ्या घरांत आठवड्याला सरासरी दोन फेऱ्या" हे एक विधान आणि "सगळ्या घरांमागे सरासरी १.२८ फेऱ्या" (३०० भागिले २३४) हे दुसरं. दोन्ही प्रबंधात येऊ शकतात. पण बाहेरगावी असलेली ती सहा घरं शून्यात कधीच येऊ शकत नाहीत. म्हणून ८४ घरांना प्रश्न ११ मध्ये `-7`, सहा घरांना प्रश्न १० आणि ११ दोन्हींत `-8`. एवढं वेगळं ठेवलं की दोन्ही सरासरी नंतर काढता येतात. कोडबुकमध्ये यासाठी "कोणाला लागू" असा रकाना ठेवा आणि त्यात सरळ लिहा: `q10_tanker = 1` असेल तरच; `0` असेल तर इथे `-7`; `-8` असेल तर इथेही `-8`.

अनेक पर्यायांचा प्रश्न

"पाणी कुठून आणता?" याला सात पर्याय आहेत असं धरतो: घरचा नळ, सार्वजनिक नळ, विहीर, हातपंप, टँकर, विकतचे जार, इतर. सात पर्यायांचे सात रकाने, प्रत्येकात `1` खूण आहे, `0` खूण नाही. एकाच चौकटीत 3-5 असं लिहायचा मोह होतो. एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि विहीर-टँकरचं घर मे नाहीतर मार्च महिन्यात जाऊन बसतं.

इथे शून्य भरायचा कंटाळा करू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पाहणीत आम्ही दोघे एंट्रीला होतो. मी खूण नसेल तिथे शून्य टाकत होतो आणि माझा जोडीदार चौकट तशीच सोडत होता. कोडबुक होतं, पण त्यात "खूण असल्यास 1" एवढंच लिहिलेलं, नसल्यास काय ते नाही. त्याच्या वाट्याच्या फॉर्मांत काही घरांनी आख्खा प्रश्नच सोडला होता. ती घरं आणि "यातलं काहीच नाही" म्हणणारी घरं शीटमध्ये अगदी सारखी दिसत होती. शेवटी गठ्ठे पुन्हा सोडून एकेक पान पाहावं लागलं. तेव्हापासून माझ्या कोडबुकमध्ये अशा प्रश्नाखाली एक वाक्य ठरलेलं असतं: एक तरी खूण असेल तर बाकी सगळे `0`, एकही खूण नसेल तर सातही रकान्यांत `-9`.

"इतर"ला दोन रकाने लागतात. एक `0`/`1` चा आणि दुसरा मजकुराचा, `q09_oth_txt`. मजकूर कागदावर आहे तसाच टाइप करायचा, सुधारायचा नाही. "शेजारच्या मळ्यातल्या बोअरवरून" असं तीस घरांनी लिहिलं, तर तो नवा पर्याय आहे, हे एंट्रीनंतर ठरवता येतं.

एकर, गुंठे आणि दशांश चिन्ह

मर्यादेचा आणि एककाचा रकाना लोक उपचार म्हणून भरतात. जमिनीच्या प्रश्नात तोच घात करतो. फॉर्मवर कुणी "2.20" लिहिलं असेल तर बोलण्यातला अर्थ दोन एकर वीस गुंठे असतो. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ती जमीन अडीच एकर. एक्सेल ते २.२ एकर समजतं. दुसऱ्या फॉर्मवर "2.5" आहे, ते अडीच एकर असू शकतं किंवा दोन एकर पाच गुंठे, म्हणजे सव्वादोनलाही थोडी कमी. तिसऱ्यानं सातबारा काढून "0.80" सांगितलं असेल, तर ते एकर नाहीतच, ते हेक्टर आहेत: ८० आर, जवळपास दोन एकर. तीन कागद, तीन भाषा आणि रकाना एकच.

यावर उपाय म्हणजे दोन व्हेरिएबल: `q07_acre` आणि `q07_guntha`. गुंठ्याला मर्यादा ० ते ३९. भूमिहीन घराला दोन्हींत `0`, कारण ते खरं उत्तर आहे; जमीन सांगितली नाही तर दोन्हींत `-9`. एकूण एकर नंतर सूत्रानं काढायचे आणि सूत्रातसुद्धा उणे कोड सांभाळायचा:

```
=IF(OR(L2<0,M2<0),-9,L2+M2/40)
```

हे `IF` विसरलात तर उत्तर न दिलेल्या घराची जमीन उणे सव्वानऊ एकर निघेल. ते निदान दिसतं तरी. हेक्टरमध्ये सांगितलेले फॉर्म एंट्रीआधीच वेगळे काढा आणि कागदाच्या समासात लाल पेनानं एकर-गुंठे लिहा. मूळ आकडा खोडायचा नाही. कुठलं "2.5" कोणत्या अर्थाचं हे खरंच ठरत नसेल, तर फॉर्म भरणाऱ्याला विचारा, तुम्हीच भरले असतील तर आजच विचार करा, महिन्यानं आठवणार नाही.

फाइलमध्ये कसं मांडायचं

एका एक्सेल फाइलमध्ये तीन शीट पुरतात: `vars`, `labels`, `data`. `vars` मध्ये एका ओळीत एक व्हेरिएबल आणि त्याच्यासमोर प्रश्न क्रमांक, मराठी लेबल, प्रकार (आकडा, कोड, मजकूर), एकक व मर्यादा, कोणाला लागू आणि टीप. `labels` मध्ये मात्र एका ओळीत एकच कोड. "1=हो, 0=नाही, -8=माहीत नाही" असं एकाच चौकटीत कोंबलं तर माणसाला वाचता येतं, पण संगणकाला त्याचा काही उपयोग होत नाही. सुटं लिहिलंत तर असं दिसेल:

```
var         code  label
q10_tanker   1    हो
q10_tanker   0    नाही
q10_tanker  -8    माहीत नाही
q10_tanker  -9    नोंद नाही
```

याचा फायदा एसपीएसएसला जाताना होतो. शेजारच्या चौथ्या रकान्यात हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
="ADD VALUE LABELS "&A2&" "&B2&" '"&C2&"'."
```

जे तयार होईल ते कॉपी करून एसपीएसएसच्या सिंटॅक्स खिडकीत चिकटवलं की सगळी लेबलं लागतात. मोह होईल तरी `ADD` काढू नका. नुसतं `VALUE LABELS` त्या व्हेरिएबलची आधीची सगळी लेबलं पुसून नवी लावतं, त्यामुळे ओळीओळीनं चालवलं तर प्रत्येक व्हेरिएबलला शेवटचं एकच लेबल उरतं. लेबलाला १२० बाइटची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत साधारण चाळीस चिन्हं. "ग्रामपंचायतीच्या सार्वजनिक नळावरून आणि कधी कधी शेजाऱ्यांकडून" एवढं मोठं लेबल तिथे मावणार नाही. आखूड करा.

`data` शीटमध्ये पहिल्या ओळीत फक्त व्हेरिएबलची नावं. वर मराठी मथळा नको, जोडलेल्या चौकटी नकोत, रंगांतून अर्थ नको. पिवळी चौकट म्हणजे "शंका" हे एसपीएसएसला कळत नाही. आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे, हेही कोडबुकच्या पहिल्या पानावर लिहा. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि ४५ असं टाइप झालं तर ते बहुधा मजकूर म्हणून बसतं. ओळखायची खूण सोपी आहे: आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. म्हणून रकान्याला हातानं अलाइनमेंट देऊ नका, ती खूण नाहीशी होते. प्रत्येक रकान्याला `Data Validation` लावा, कोडबुकमधले कोड सोडून दुसरं काही घेऊ नये असं. फक्त लक्षात ठेवा, ते टाइप केलेलं अडवतं, कॉपी करून चिकटवलेलं अडवत नाही.

कोडबुकची परीक्षा

आता तुमची `juni` शीट. तिच्यातले शब्द शोधून-बदलून कोड करायचे नाहीत. त्या वीस फॉर्मांची एंट्री नव्या कोडबुकनं, कागदावरून, पहिल्यापासून करा. मग त्यांतलेच दहा फॉर्म आणि छापलेलं कोडबुक एखाद्या मैत्रिणीला द्या, आणि तिनं काही विचारलं तरी उत्तर देऊ नका. तिचा प्रश्न पेन्सिलीनं कोडबुकवर त्या जागी लिहून ठेवा. तिची शीट `data2` म्हणून आणा. दोन्ही शीटमध्ये तेच दहा फॉर्म त्याच क्रमानं पहिल्या दहा ओळींत ठेवा आणि चौकट-चौकट ताडून पाहा:

```
=IF(EXACT(data!C2,data2!C2),0,1)
```

इथे साधं `data!C2=data2!C2` का नको? एक्सेलमध्ये रिकामी चौकट आणि शून्य यांची अशी तुलना केली तर उत्तर "समान" येतं. तुम्ही शून्य टाकलाय आणि मैत्रिणीनं काहीच टाकलं नाही, नेमका हाच फरक पकडायचा असताना सूत्र तो गिळून टाकतं. `EXACT` गिळत नाही.

आता चुका कुठे आहेत ते बघा. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर हात घसरलेत, तेवढ्या दुरुस्त करा. एकाच रकान्यात तीन-चार साठल्या असतील तर मैत्रीण चुकलेली नाही, तुमच्या कोडबुकमधलं ते वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. माझ्या अनुभवात ते वाक्य बहुतेक वेळा "लागू नाही" किंवा "वेळ" याबद्दलचं असतं. "पाणी आणायला रोज किती वेळ?" याचं उत्तर कुणी एका खेपेचं देतं, कुणी दिवसाचं. फॉर्मवर "३ खेपा, २० मि." असं लिहिलेलं असेल तर खेपा आणि मिनिटं असे दोन रकाने करा आणि गुणाकार संगणकाला करू द्या.

कोडबुक सुधारून दुसऱ्यांदा वीसही फॉर्म असेच ताडून पाहिल्यावर साठलेल्या चुका गेल्या, की उरलेले २२० भरायला घ्या. रोज काम थांबवताना फाइल तारखेच्या नावानं जपून ठेवा. मधेच नवा कोड लागलाच, समजा ६३व्या फॉर्मला "सौरपंपाची टाकी" हा पर्याय वारंवार येतोय असं दिसलं, तर त्यासाठी नवा रकाना जोडा; जुन्या कोडचा अर्थ बदलू नका. `vars` शीटच्या टिपेत त्या दिवसाची तारीख आणि फॉर्म क्रमांक लिहा, आणि आधीच्या ६२ फॉर्मांपैकी ज्यांत "इतर" `1` आहे तेवढेच गठ्ठ्यातून पुन्हा काढून पाहा. बाकीच्यांना त्या रकान्यात `0` भरा, आणि ज्या घरांनी आख्खा प्रश्न सोडला होता त्यांना `-9`.